अक्षरी रुपये साठ हजार मात्र

घरमालकांच्या मुलाचे लग्न ठरले आणि त्या आनंदाच्या बातमीसोबतच ३० जूनपर्यंत घर रिकामे करण्याची विनंतीही आली. नव्या घराची अनामत ७५,००० रुपये होती आणि ती किल्ली हाती पडण्याआधी द्यायची होती; जुन्या घराची ४५,००० रुपयांची अनामत मात्र किल्ली परत केल्यावर, भिंती न्याहाळून, रंगाचे पैसे कापून मग मिळणार होती. शिलकीत १५,००० होते. म्हणजे कंपनीकडून ६०,००० रुपयांची उचल घेणे आले. ‘उचल’ हा शब्दच मोठा चमत्कारिक आहे. पैसे आपल्याच पुढच्या पगारातले असले, तरी आपण काहीतरी उचलून पळत आहोत, असे मागणाऱ्याला उगाचच वाटत राहते.

मी एका बैठकीत फुलस्केपची दोन पाने लिहून काढली. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन सादर करण्यात येते की’ अशी दणदणीत सुरुवात करून मी घरमालकांचे चिरंजीव, महागाई, माझी अकरा वर्षांची सेवा आणि जिना चढू न शकणारे आईचे गुडघे अशी सगळी वळणे घेतली. रक्कम दुसऱ्या पानाच्या तळाशी आली, तीही ‘साधारण पन्नास-साठ हजार’ अशी, आणि परतफेड ‘जमेल तशी, परंतु लवकरात लवकर’ होणार होती.

हा मसुदा मी शेजारच्या भाऊसाहेबांना दाखवला. ते तहसील कचेरीतून निवृत्त झालेले असून लाल पेनाशिवाय वर्तमानपत्रही वाचत नाहीत. दोन्ही पाने वाचून त्यांनी शांतपणे विचारले, “तुम्हाला पैसे हवेत की सांत्वन?”

त्यांनी प्रथम रक्कम उचलून थेट विषयाच्या ओळीत नेली. ‘साधारण’वर काट मारताना ते म्हणाले, “साधारण रकमेचा चेक निघत नाही.” आकड्यापुढे ‘अक्षरी रुपये साठ हजार मात्र’ असे आले, त्यातला ‘मात्र’ हा पुढे कोणी काही जोडू नये म्हणून घातलेला कडीकोयंडा असतो. साहेब दहा हजार कापतीलच, म्हणून सत्तर मागावेत, ही माझी चतुराई त्यांनी हाणून पाडली. अर्जासोबत भाडेकराराचा मसुदा जोडायचा होता. त्यात अनामत ७५,००० दिसणार, शिलकीतले १५,००० आपण अर्जातच सांगणार, मग सत्तरचा हिशेब कोणत्या तोंडाने लावायचा?

कारणाची दोन पाने आटून एक वाक्य उरले: ‘राहते घर ३० जूनपर्यंत रिकामे करावयाचे असून नव्या घराची अनामत २० जूनपूर्वी भरावयाची आहे.’ आतून आईने विचारले, “मग माझे गुडघे कुठे गेले?”

सर्वाधिक लाल शाई परतफेडीवर सांडली. ‘जमेल तशी’ खोडून मी बाणेदारपणे दहा हजारांचे सहा हप्ते लिहिले. भाऊसाहेबांनी हातात पडणारा पगार विचारला. तो ३४,००० होता. त्यातून दहा हजारांचा हप्ता आणि नवे १४,००० रुपये भाडे गेले की उरले दहा हजार. “किराणा कंपनी भरते का?” असे त्यांनी विचारले. पगारातील एकूण कपातीला कायद्यानेही मर्यादा घातलेली आहे, परंतु स्वयंपाकघर तिच्या बरेच आधी हात टेकते आणि दुसऱ्याच महिन्यात नव्या उचलीचा अर्ज लिहावा लागतो. म्हणून नवी मांडणी अशी झाली: जुन्या अनामतीतून रंगाचे पाच हजार वजा धरून उरणारे ४०,००० रुपये ३१ जुलैपर्यंत एकरकमी, आणि बाकीचे २०,००० ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या पगारांतून दरमहा ५,००० प्रमाणे.

“आणि घरमालकांनी जुलैत पैसे दिले नाहीत तर?” हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. तशा वेळी ते ४०,००० डिसेंबरपासून ५,००० च्या आठ हप्त्यांत कापावेत, असे वाक्य वाढले. शेवटी पगारातून कपातीस संमती आणि ‘नोकरी सोडल्यास उर्वरित रक्कम अखेरच्या हिशेबातून वळती करावी’ ही ओळ आली. ही ओळ अपशकुनी असल्याचे सौभाग्यवतींचे मत होते; पण अकाउंट्सची माणसे अर्ज तिथूनच वाचायला सुरुवात करतात, असा भाऊसाहेबांचा दावा होता. तो खरा असावा, कारण अकाउंट्सच्या मॅडमनी अर्ज हाती घेताच आधी तळाशी नजर टाकली आणि मग मान हलवून तो साहेबांकडे पाठवला.

साहेबांनी तो अर्ध्या पानाचा अर्ज अर्ध्या मिनिटात वाचला, ‘मंजूर’ असे लिहून सही केली, चष्मा काढला आणि खुर्चीत रेलून म्हणाले, “बाकी सगळं ठीक आहे हो, पण इतकं चांगलं घर सोडताय कशासाठी?”

मग मी उभ्याउभ्या, गुडघ्यांसकट, दोन्ही पाने तोंडी सादर केली.