10:26:26 खताच्या पोत्याबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

"10 26 26 ची बेरीज 62 च होते म्हणजे 38 टक्के मातीच भरलीय, 10 गुंठे मिरचीला पोत्यावर लिहिलंय त्याच हिशेबाने सव्वा पोतं टाकलं तरी रोपं जळाली, खडे पण निघाले. पोत्याचा फोटो टाकलाय बघा. एकच स्टार."

दादा, दुकान माझंच आहे. फोटो मोठा करून नीट बघितला, आधी रोपांचं बोलतो कारण ती अजून वाचू शकतात.

फोटोत डोसच्या ओळीत 250 किलो ठळक आहे आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात "प्रति हे." छापलंय, ते हेक्टर आहे दादा, एकर नाही. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर, म्हणजे एकरी 100 किलो, दोन पोती. तुमचे 10 गुंठे म्हणजे पाव एकर, तिथं 25 किलो, अर्धं पोतं लागत होतं. तुम्ही 250 किलो एकराचे धरले आणि त्याचा पाव म्हणून सव्वा पोतं गेलं, अडीच पट. गणित तुमचं बरोबरच होतं, फक्त ते "हे." वाचायचं राहिलं, आणि ते वाचून दाखवणं काउंटरवर आमचं काम होतं, ते झालं नाही ही आमची चूक.

आता जळणं कशाने ते बघा. खत म्हणजे शेवटी क्षारच. मुळाजवळ ते जास्त झाले की जमिनीत ओल असूनही रोपाला पाणी ओढता येत नाही. पानांच्या कडा आणि शेंडे आधी करपतात, भर ओलीत रोप माना टाकतं. खात्री करायची तर एका रोपाच्या बुंध्याजवळ बोटाने माती उकरा, दाणे मुळाला चिकटलेले दिसले आणि पांढरी मुळं तपकिरी झालेली असली तर कारण हेच. दिसतील ते दाणे हातमोजे घालून बाजूला काढा, मग भरपूर पाणी द्या म्हणजे क्षार खाली उतरतील. पण पाण्याचा निचरा होत असेल तरच, भारी जमिनीत पाणी साचवलं तर मुळं गुदमरून उरलेली रोपंही जातील, तिथं थोडं थोडं पाणी दोन-तीन वेळा द्या. नवीन पालवी येईपर्यंत युरिया अजिबात नको. पुढच्या वेळी खत बुंध्यापासून चार-पाच बोटं लांब आणि तेवढंच खोल मातीआड करा, कारण स्फुरद जमिनीत फारसं हलत नाही, वर फेकलेलं वरच राहतं.

आता त्या 38 टक्क्यांचं. हे आकडे म्हणजे 100 किलोत नत्र 10, स्फुरद 26, पालाश 26 किलो, पण ही अन्नद्रव्यं सुटी मिळतच नाहीत, ती कुठल्या तरी क्षारात बांधलेली असतात. साधा हिशेब करून बघा, डीएपी असतं 18:46:0 आणि पोटॅशमध्ये पालाश 60 टक्के. 50 किलोच्या पोत्यात साधारण 28 किलो डीएपी आणि 22 किलो पोटॅश धरलं तर नत्र 5, स्फुरद 13 आणि पालाश 13 किलो येतं, म्हणजे बरोबर 10:26:26. पोतं तेवढ्यातच भरलं की, माती घालायला जागाच कुठे उरली? भेसळीची शंका तरीही असेल तर उरलेलं खत तसंच ठेवा, नमुना प्रयोगशाळेत जाऊ दे, मला काही हरकत नाही.

खड्यांचं मात्र तुमचं खरंय. फोटोत पोत्याच्या खालच्या कोपऱ्यात दोन भोकं दिसतायत आणि खडे नेमके तिथलेच आहेत, आणि त्याच पोत्यावर हुकावर फुली मारलेलं चित्र छापलंय. म्हणजे आकडा लावू नका, कारण आकड्याने आतली प्लॅस्टिकची पिशवी फाटते, दमट हवा शिरते आणि खत धरून बसतं. आमच्या हमालांनी आकडा लावलाय, आता गोडाऊनमधून आकडे काढून टाकलेत. नुसते खडे झाले म्हणून खताची ताकद जात नाही, फोडून वापरता येतं, पण अख्खा खडा एका रोपाशी पडला तर तेवढंच रोप जळतं म्हणून चाळून घ्या. फोडताना नाकाला कापड बांधा, हाताला जखम असेल तर हातमोजे हवेतच. उरलेलं पोतं फळीवर ठेवा, जमिनीवर नको, जनावरं तोंड लावणार नाहीत असं. आणि रिकाम्या पोत्यात धान्य भरू नका, ते पोत्यावर सगळ्यात खाली लिहिलंय आणि तेच कोणी वाचत नाही.

ते भोकं पडलेलं पोतं घेऊन या, बदलून देतो. येताना जळलेलं एक रोप मुळासकट मातीच्या गोळ्याबरोबर आणा, मुळं कितपत जिवंत आहेत ते बघून नांगे भरायचे की थांबायचं ते ठरवू.