परदेशातून: नळावरची रांग

"आठवीची पोट्टी दुसरीच्या लेकरांना नळावर त्रास द्यायलेत, अन् बाई वर्गात त्याचं नाटक बसवायल्यात. वर कागदावर सह्या घ्यायल्यात. तिकडं तुमच्याकडं असली थेरं चालतात का?"
(सेलूजवळच्या आमच्या गावच्या ग्रुपवर, चुलतभाऊ अण्णा)

चालतात, अण्णा. मी राहतो त्या तुर्कूच्याच विद्यापीठात ती तयार झाली आणि २००९ पासून फिनलंडभरच्या शाळांत गेली. शाळेत पोरांनी पोरांचा छळ करू नये म्हणूनचा हा कार्यक्रम, 'किवा' म्हणतात त्याला. माझ्या पोरीच्या शाळेत उणे बारात सुद्धा मधल्या सुट्टीला पिवळी जाकिटं घातलेले शिक्षक अंगणात फिरत असतात. आपल्याकडं मधल्या सुट्टीत गुरुजी कुठं असायचे, ते तुलाही माहीत आहे.

छडीचं तू पुढच्याच मेसेजात काढलंस. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानं ती बंद आहे, हे एक. दुसरं, छडीनं आपल्याला एवढंच शिकवलं की गुरुजी दिसले की हात मागं घ्यायचे.

पण तू अर्धा बरोबर आहेस. नाटक चुकलं तर बिघाड करतं. बाईंनी स्वतःच ग्रुपवर कबूल केलं. पहिल्या वेळी त्यांनी दुसरीतल्या त्याच लेकराला बोलावून त्याचीच भूमिका दिली आणि दांडग्या पोराला दादा केलं. वर्ग खो-खो हसला. दुसऱ्या दिवशी नाटकातलं टोपणनाव नळावर ऐकू आलं. त्यावरूनच त्यांना कळलं की आपण पोरांना सरावच करून दिला.

मग त्यांनी पात्राचं नाव खोटं ठेवलं, दुसरीचं लेकरू झाला आठवीतलाच एक उंच पोरगा, आणि खरा दांडगा रांगेत नुसता उभा. ढकलाढकली दाखवायचीच नाही. "ए, मागं हो" एवढं वाक्य झालं की बाई टाळी वाजवून सगळ्यांना जागच्या जागी थांबवतात आणि रांगेतल्याला विचारतात, "आता तू काय करशील?" एक म्हणाला, "दादाच्या कानाखाली काढीन." ते करून पाहिलं, भांडण वाढलं. दुसरी पोरगी लेकराला म्हणाली, "चल, माझ्या पुढं उभा राहा," आणि हात धरून घेऊन गेली. दादाकडं पाहिलंही नाही. तोच प्रसंग पाच जणांनी पुन्हा करून पाहिला. शेवटी भूमिकांच्या चिठ्ठ्या फाडल्या आणि प्रत्येकाला खऱ्या नावानं हाक मारून जागेवर बसवलं.

जोर रांगेवर का? तुर्कूच्याच क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ मध्ये मांडलं होतं की छळात दोघंच नसतात. साथ देणारे असतात, हसून चढवणारे असतात, बाजूला सरकणारे असतात आणि थोडे मधे पडणारेही. दादा बदलायला वेळ लागतो, हसणारे लवकर थांबवता येतात. हसू थांबलं की दादाची मजा जाते.

ग्रुपवर सुनंदाआत्यानं मधेच विचारलं, "नाटक जत्रेला आहे का, कपडे भाड्यानं आणायचे का?" मग खाली लिहिलं, "मला पाचवीत पोरं वाटेत चिडवायची म्हणून बापानं शाळा सोडवली." त्यावर कुणी अंगठासुद्धा टाकला नाही. मीही नाही.

सह्यांचा कागद मला आधी दाखवला असता तर मी नाक मुरडलं असतं. "आम्ही लहानांशी प्रेमानं वागू" असलं काही असेल वाटलं. पण पोरांनीच ठरवलेल्या तीन ओळी आहेत. नळावर पहिली-दुसरी आधी. घरच्या नावाशिवाय दुसरं नाव नाही. कुणी ढकललं तर पाहणाऱ्यानं लेकराला आपल्या वर्गाच्या रांगेत आणायचं. दर शनिवारी दहा मिनिटं वाचून विचारायचं, कोणती ओळ मोडली. हा कागद दुसरीच्या लेकरांनाही वाचून दाखवला, हे बाईंचं डोकं. नाहीतर करार आठवीचा आणि त्रास दुसरीला.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात सांगतोय, पण इथंसुद्धा वरच्या वर्गांत याचा परिणाम कमी दिसतो. आणि कुणी रोज एकाच लेकरामागं लागला असेल तर नाटक पुरत नाही. लेकराशी वेगळं, त्या पोरांशी वेगळं बोलावं लागतं, पुन्हा बोलावून पाहावं लागतं. दोघांना समोरासमोर बसवून "हात मिळवा" तर अजिबात नाही. शाळेबाहेरच्या वाटेचं काय, ते बाईंनाही अजून सुचलेलं नाही.

एवढं लांबलचक लिहिल्यावर अण्णाचं उत्तर आलं: "टमरेल आठवतो का?"

आठवतो. मी सातवीत, तो पहिलीत. नाव अण्णानं ठेवलं होतं, मी नळाच्या कट्ट्यावर बसून हसत होतो. इथं ऑफिसात माझं नाव कुणाला नीट उच्चारता येत नाही, सगळे दोन अक्षरांत आटपतात, आणि मी हसतोच.

अण्णाला विचारलं, त्या पोराचं खरं नाव काय रे? दोन दिवस झाले. अण्णा म्हणतो, कुणाला तरी विचारून सांगतो.