आठ चाळीसचा खलनायक

चवथीला आठ दिवस असताना मी आमच्या वाड्यावरच्या नाटकाच्या तीन अंकांवर, गणपतीच्या वर फळं टांगतात त्या माटोळीची यादी टाइप केली. म्हणजे हेतू तसा नव्हता. नाटकाच्या फाइलमध्ये फाँट आणि समास बसवलेले होते, ते आयते मिळावेत म्हणून तीच फाइल उघडली, Ctrl+A दाबून सगळं पुसलं आणि 'कांगलां, तोरिंजन, सुपारीचं शिपटं' असं लिहीत गेलो. शेवटी 'Save As' म्हणायचं ते सवयीने Ctrl+S झालं. वर्ड बंद करून मी जेवायला बसलो.

आठवलं ते सोलकढीच्या पहिल्या घोटाला. वर्ड बंद केलं की Ctrl+Z ची वाट संपते. रिसायकल बिनमध्ये नाटक नव्हतंच, कारण फाइल कुठे डिलीट झाली होती? तिच्या पोटातलं नाटक गेलं होतं.

भाच्याला फोन लावला. "मामा, गेल्या वर्षी मी विंडोजची फाइल हिस्टरी चालू करून ठेवलीय, ती फायलींच्या जुन्या प्रती दुसऱ्या डिस्कवर ठेवते. ती काळी डिस्क लावलेली आहे ना?"

होती. तिच्यावर मी चष्म्याचं घर ठेवतो.

भाच्याचं पुढचं न ऐकता मी थेट त्या डिस्कमध्ये शिरलो. 'FileHistory' नावाच्या फोल्डरच्या तळाशी सापडलं:

```
नाटक (2025_08_20 15_10_05 UTC).docx
```

दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी? त्या वेळी मी झोपलेला असतो, हे पाव विकायला येणाऱ्या पोदेरालाही ठाऊक आहे! भाचा म्हणाला, "ती वेळ UTC, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे मामा, आपल्या वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवा." म्हणजे रात्रीचे ८.४०. अब्रू वाचली.

मग त्याने सरळ वाट सांगितली. फाइलवर राइट क्लिक, 'Properties', 'Previous Versions'. तिथे सगळ्यात वरची प्रत ९.४० ची. नवी ती चांगली म्हणून 'Open' केली, तर आत कांगलां! फाइल हिस्टरीची मुळातली सवय तासाला एक प्रत काढायची, आणि माझा घोळ ९.२५ चा. खालची ८.४० ची उघडली, तेव्हा पडदा वर गेला.

मी 'Restore' दाबणार, इतक्यात भाचा ओरडला, "थांबा! माटोळी जाईल!" खरंच की, ती प्रत थेट आताच्या फाइलवर बसली असती आणि मी तोच पराक्रम उलट दिशेने केला असता. बटणाशेजारच्या बाणात 'Restore To' होतं. त्याने नाटक डेस्कटॉपवर वेगळं उतरवलं आणि यादी जागेवर राहिली.

फक्त ८.४० नंतर ९.२० पर्यंत लिहिलेलं डिस्कने कधी पाहिलंच नव्हतं. त्या चाळीस मिनिटांत मी खलनायकाला मारलं होतं. आता तो पुन्हा जिवंत आहे, आणि ते काम करणारे आमचे तात्या म्हणतात, "राहू दे रे तसाच, टाळ्यांचं वाक्य अजून व्हायचंय."