पिनकोड जुळला म्हणून घर डिलिव्हरीच्या हद्दीत येत नाही

"डिलिव्हरी कुठवर करायची हे ठरवायला पिनकोडची यादी पुरेशी आहे. पिनकोड सरकारी आणि नेमका असतो, एका पिनकोडमधली घरं जवळजवळच असतात. फारच काटेकोर व्हायचं असेल तर नकाशावर दुकानाभोवती वर्तुळ काढा. रस्त्याचं अंतर मोजत बसणं हा लहान दुकानासाठी नुसता खर्च आहे."

असा दावा बरेचदा ऐकू येतो. त्यातल्या सरकारी असण्यापासून सुरुवात करू. टपाल खात्याने पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू केला तो पत्रांची वर्गवारी सोपी व्हावी म्हणून. सहा अंकांपैकी पहिले तीन वर्गवारीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारं टपाल कार्यालय. पत्र कुठल्या कार्यालयातून वाटायचं याचं नेमकं उत्तर त्यातून मिळतं. तुमच्या दुकानापासून ते घर किती दूर आहे, याबद्दल त्यात काहीच नाही. दुकान त्या हद्दीच्या मधोमध नसेल, अगदी कडेला असेल, तर यादीतला स्वतःचाच पिनकोड एका दिशेला लांब पसरतो आणि दुसऱ्या दिशेला रस्ता ओलांडताच संपतो. ग्रामीण भागात एकाच पिनकोडखाली बरीच गावं असतात. आणि काही जण 'अमुक आकड्यापासून तमुक आकड्यापर्यंत' अशी अट लावतात, ती तर मुळीच लावू नये. लागोपाठचे आकडे म्हणजे लागून असलेले भाग, असा नियम नाही.

'जवळजवळच असतात' हा मुद्दा एका उदाहरणावर घासून पाहू. समजा दुकानाने पाच किलोमीटरची मर्यादा ठेवली आहे. पहिल्या ग्राहकाचं घर दुकानाच्याच पिनकोडमध्ये, सरळ रेषेत दोन किलोमीटरवर आहे. पण मध्ये रेल्वेमार्ग आहे आणि गाडी नेता येईल असा पूल अडीच किलोमीटर पुढे. तिथवर जायचं, पूल ओलांडायचा, पलीकडून तेवढंच मागे यायचं: रस्त्याने 6.2 किलोमीटर. दुसऱ्या ग्राहकाचा पिनकोड वेगळा, पण घर सरळ रेषेत 900 मीटर आणि रस्त्याने 1.3 किलोमीटर. पिनकोडची यादी पहिल्याला हो म्हणते आणि दुसऱ्याला नाही. दोन्ही उत्तरं उलटी आहेत.

यातली पहिली चूक लवकर कळते, कारण सामान घेऊन जाणारा मुलगा परत येऊन सांगतो. दुसरी कळतच नाही. दीड किलोमीटरच्या आतल्या माणसाला 'आम्ही तुमच्या भागात येत नाही' असं उत्तर मिळतं आणि तो निघून जातो; तक्रार कुणी करत नाही. मला ही दुसरी चूक जास्त लागते.

आता वर्तुळ. वरच्या उदाहरणात पाच किलोमीटरचं वर्तुळ दुसऱ्या ग्राहकाला बरोबर आत घेतं, पण रेल्वेपलीकडचा पहिलाही आतच राहतो. नदी, रेल्वेमार्ग, मोठ्या संस्थेचं बंद आवार, मध्ये दुभाजक असलेला महामार्ग, यांपैकी काहीही वर्तुळाला दिसत नाही. तरीही ते टाकून देऊ नका. रस्त्याचं अंतर सरळ रेषेपेक्षा कमी कधीच नसतं. त्यामुळे सरळ रेषेतलंच अंतर पाच किलोमीटरच्या पुढे गेलं, तर तो पत्ता बाहेर आहे हे तिथेच ठरलं. रस्ता मोजायची गरज नाही. नकार द्यायला वर्तुळ पुरतं, होकार द्यायला पुरत नाही.

खर्चाच्या मुद्द्याचं उत्तरही इथेच मिळतं. सरळ रेषेचं अंतर अक्षांश-रेखांशांवरून एका सूत्राने निघतं, त्याला कुठलीही सेवा लागत नाही. रस्त्याची विचारणा उरलेल्या पत्त्यांपुरतीच, तीही पत्ता जतन करताना एकदा. दर ऑर्डरला नव्हे. पैसे मोजायचे नसतील तर ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालणारं OSRM हे रस्ता आणि अंतर काढणारं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. विचारणा इतकीच असते:

```
/table/v1/driving/SHOP_LON,SHOP_LAT;CUST_LON,CUST_LAT?sources=0&destinations=1&annotations=distance
```

`annotations=distance` विसरलात तर मीटरऐवजी सेकंद परत येतात. दुसरी ठेच क्रमाची: इथे रेखांश आधी, अक्षांश नंतर. बऱ्याच नकाशा सेवा उलट क्रमाने देतात, आणि अदलाबदल झाली की पुण्यातलं घर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतं. दिलेला बिंदू सर्वांत जवळच्या रस्त्यावर सरकवून मगच अंतर मोजलं जातं. किती मीटर सरकवला हेही उत्तरात `destinations` खालच्या `distance` मध्ये येतं. तो आकडा शे-दोनशे मीटरच्या वर दिसला तर रस्त्याच्या अंतरावर विश्वास ठेवू नका. बिंदू चुकला असेल, किंवा ती गल्ली नकाशात अजून आलेलीच नसेल.

खरा धोका मात्र याच्याही आधी आहे, आणि रस्त्याच्या अंतराचा पुरस्कार करणारेही तो सांगत नाहीत. लिहिलेल्या पत्त्याचा बिंदू करताना सेवेला घर सापडलं नाही, तर ती बऱ्याचदा गप्प बसत नाही. वस्तीचा किंवा पिनकोडच्या हद्दीचा मध्यबिंदू देते. मग त्या मध्यबिंदूपर्यंतचं अंतर मीटरपर्यंत काटेकोर मोजलं, तरी ते पिनकोडचंच उत्तर झालं, फक्त महाग. गूगलच्या सेवेत हे ओळखायला `location_type` बघायचं. `ROOFTOP` असेल तर पुढे जा. `APPROXIMATE` किंवा `GEOMETRIC_CENTER` आलं, किंवा `partial_match` दिसलं, तर ग्राहकालाच नकाशावर घराच्या दारावर खूण करायला सांगा. वेगवेगळ्या पत्त्यांना हुबेहूब तेच अक्षांश-रेखांश मिळत असतील तर हाच घोटाळा आहे असं समजा. टपाल खात्याने 2025 मध्ये आणलेला डिजीपिन सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला स्वतंत्र दहा अक्षरी संकेत देतो. ग्राहकाकडे तो असेल तर बिंदूचा प्रश्न सुटतो, रस्त्याचा नाही.

दिशाही ठरवून टाका. दुभाजक आणि एकेरी मार्गांमुळे दुकान ते घर आणि घर ते दुकान ही अंतरं सारखी नसतात. मर्यादा जाण्याच्या अंतराला लावत असाल तर दुकान आधी, ग्राहक नंतर, हा क्रम कायम ठेवा. सामान दुचाकीवर जात असेल आणि सेवेत दुचाकीचा पर्याय असेल तर तोच निवडा. चारचाकीसाठी काढलेला रस्ता अरुंद गल्ल्या टाळून लांबून नेऊ शकतो.

सीमेवरच्या घरांना मी थोडी सूट देईन. घराची खूण पन्नास-शंभर मीटर इकडेतिकडे पडणं सहज शक्य आहे, मग 4.98 ला हो आणि 5.03 ला नाही म्हणण्यात अर्थ नाही. पाच किलोमीटरच्या मर्यादेवर दोनशे मीटरपर्यंतचे पत्ते थेट नाकारण्याऐवजी दुकानदारासमोर ठेवावेत.

पिनकोड पत्त्यात राहू द्या. कुरिअरला तो लागतो, आणि लिहिलेला पिनकोड खुणेच्या जागेशी अजिबात जुळत नसेल तर पत्ता पुन्हा विचारायला ते चांगलं निमित्त असतं.

तुमची यादी किती चुकते हे बघायला ती लगेच बंद करण्याचीही गरज नाही. पिनकोडवरून नाकारलेल्या ग्राहकांना परतवण्याआधी, त्यांची हरकत नसेल तर, नकाशावर खूण करायला सांगा आणि फक्त तो बिंदू साठवा. महिनाभराने त्या बिंदूंची रस्त्याची अंतरं काढा. पाच किलोमीटरच्या आत निघतील ते सगळे तुमच्या दारातून परत गेलेले ग्राहक आहेत.