ठेका दहा फ्रेम उशिरा पडत होता

⭐⭐ “नाचाच्या व्हिडिओत एका क्लोजअपमधला पायाचा ठेका गाण्यावर बसत नव्हता, तेवढाच नीट करा म्हटलं. पहिल्या दुरुस्तीत तो बसला, पण पुढचा सगळा नाच गाण्याच्या पुढे पळायला लागला. दुसऱ्या दुरुस्तीत आधीच्या शॉटमधली गिरकी अर्धवट तुटली. ‘शेजारचं काही हलणार नाही’ हा शब्द दिला होता ना?”

नमस्कार. तो शब्द टाइमलाइन न उघडता फोनवर मीच दिला होता, त्यामुळे दोष एडिटरच्या आधी माझा. काल फाइल उघडून दोन्ही दुरुस्त्या तपासल्या. काय झालं ते इथेच लिहितो.

तुमचा क्लोजअप दोन सेकंदांचा आहे, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशोबाने ५० फ्रेम. गाण्यातला ठोका त्याच्या २०व्या फ्रेमवर येतो आणि पाय पडत होता ३०व्या फ्रेमवर. हा शॉट वेगळ्या टेकमधला, म्हणून तो मुळात अंदाजानेच बसवलेला होता.

पहिल्या वेळी एडिटरने रिपल केलं. क्लोजअपच्या सुरुवातीच्या दहा फ्रेम काढल्या, ठेका ठोक्यावर आला. पण रिपलमध्ये काढलेली जागा रिकामी राहत नाही, मागचं सगळं पुढे सरकून ती भरतं. गाण्याचा ट्रॅक लॉक होता, त्यामुळे गाणं जागेवर आणि त्यानंतरचा प्रत्येक शॉट दहा फ्रेम लवकर. दहा फ्रेम म्हणजे ०.४ सेकंद, नाचात ते कोणालाही दिसतं. मुलाखतीतला एखादा “अं...” काढायला रिपलसारखं सोयीचं काही नाही. गाण्यावर कापलेल्या व्हिडिओत मात्र ते वापरायला नको होतं.

दुसऱ्या वेळी स्लाइड केलं. विचार अगदीच चुकीचा नव्हता: क्लोजअप उचलून दहा फ्रेम डावीकडे सरकवला की ठेका जागेवर येतो आणि एकूण लांबीही तीच राहते. पण स्लाइडची किंमत दोन्ही शेजारी मोजतात. आधीच्या वाइड शॉटच्या शेवटच्या दहा फ्रेम गेल्या, आणि गिरकी तिथेच पूर्ण होत होती. पलीकडचा चेहऱ्याचा शॉट दहा फ्रेम आधीपासून सुरू झाला. त्यातल्या पहिल्या पाचसहा फ्रेममध्ये कॅमेरा हलतोय. तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण ते आहे.

रोलने हे काम झालंच नसतं. रोलमध्ये दोन शॉटमधला कट तेवढा सरकतो. एक शॉट जितका वाढतो तितका दुसरा कमी होतो, पण आतली कृती टाइमलाइनवर होती तिथेच राहते. कट कुठेही नेला असता तरी पाय दहा फ्रेम उशिराच पडला असता.

तुमच्या तक्रारीत कट चुकलेलाच नव्हता, चुकली होती त्या चौकटीच्या आतली हालचाल. अशा वेळी स्लिप. शॉटची जागा तीच, लांबी तीच, दोन्ही कट तिथेच. मूळ फुटेजमधला ५० फ्रेमचा तुकडा फक्त दहा फ्रेम पुढून घ्यायचा. शेजाऱ्यांना अजिबात हात न लावणारा चौघांतला हा एकच प्रकार. अट एकच, शॉटच्या शेवटी वापरात नसलेलं तेवढं फुटेज शिल्लक हवं. तुमच्या क्लोजअपमागे कॅमेरा आणखी सेकंदभर चालू होता, म्हणजे लागत होत्या १० आणि होत्या २५ फ्रेम. हे आधी कोणी बघितलं असतं तर तुम्हाला दोन फेऱ्या पडल्या नसत्या.

काल रात्री आधी दोन्ही दुरुस्त्या मागे घेऊन मूळ कट परत आणले, मग मी स्वतः स्लिप केलं. प्रीमियर प्रोमध्ये Y दाबून क्लिप डावीकडे ओढली की मॉनिटरवर तिची पहिली आणि शेवटची फ्रेम मोठी दिसते. ठेका बसला की आपण खूश होतो आणि शेवटची फ्रेम बघायचीच राहते. इथे तिने दगा दिलाच: अखेरच्या चार फ्रेममध्ये कडेला दुसऱ्या मुलीच्या ओढणीचं टोक येतं.

नवी फाइल तुम्हाला पाठवली आहे आणि आधीच्या दोन्ही दुरुस्त्यांचे पैसे परत केले आहेत. ओढणी मी मुद्दाम तशीच ठेवली आहे, न विचारता तिसऱ्यांदा शेजाऱ्याला हात लावायचा नव्हता. ती खटकत असेल तर क्लोजअप आणि चेहऱ्याच्या शॉटमधला कट चार फ्रेम आधी रोल करता येईल. चेहऱ्याचा शॉट तेवढा लवकर सुरू होईल, पण त्या चार फ्रेममध्ये कॅमेरा स्थिर आहे आणि ठोका तोवर होऊन गेलेला असतो. करू की राहू दे, एवढं कळवा.