हवा तीस टक्क्यांनी घटते, पेट्रोल सोळा टक्क्यांनीच

“कार्बोरेटरची गाडी मुंबईहून लडाखला न्यायची असेल तर जेट बदलायची गरज नाही. एअर स्क्रू अर्धा फेरा उघडा, वर गेल्यावर फिल्टर काढून ठेवा, इंजिनला हवी तेवढी हवा मिळते आणि गेलेली ताकद परत येते. व्हॅक्यूम कार्बोरेटर असेल तर तेही नको, तो उंचीप्रमाणे स्वतःच जुळवून घेतो.”

या संदेशातल्या पहिल्या वाक्याला थोडा आधार आहे, हे आधी मान्य करायला हवे. कारखान्यातून आलेल्या जेटवरच लेहपर्यंत जाऊन सुखरूप परतलेल्या गाड्या पुष्कळ आहेत, कारण पेट्रोलचे इंजिन काही मर्यादेपर्यंत जास्त पेट्रोल सहन करते. प्रश्न ती मर्यादा कुठे संपते हा आहे, आणि त्यासाठी हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर नेमके काय मोजतो हे पाहावे लागते.

कार्बोरेटर हवेचे वजन करत नाही. अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब उतरतो आणि त्या दाबाच्या फरकामुळे त्याच्या वाटीतले पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर ओढले जाते. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे आणि तिथल्या हवेची घनता किनाऱ्याच्या सुमारे ७० टक्के असते. तेवढ्याच वेगाने तेवढीच जागा भरून हवा आत आली, तरी तिचे वजन ३० टक्क्यांनी कमी भरते. दाबाचा फरकही त्याच प्रमाणात उतरतो, परंतु जेटमधून येणारे पेट्रोल त्या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलत असल्याने ते सुमारे १६ टक्क्यांनीच घटते. किनाऱ्यावर पूर्ण थ्रॉटलला १३ भाग हवेमागे १ भाग पेट्रोल जात असेल, तर लेहला ते प्रमाण ११ च्या जवळ येते आणि टांगलांग ला या ५३०० मीटरहून उंच खिंडीत १० च्या आसपास पोहोचते. तिथे धुरात काजळी दिसते, प्लग काळाकुट्ट पडतो, चढावर थ्रॉटल पूर्ण उघडला की इंजिन गुदमरते आणि थोडा मिटला की उलट मोकळे चालते.

आता स्क्रूविषयी. तो कुठल्या बाजूचा आहे हे न सांगता ‘अर्धा फेरा उघडा’ म्हणणे हा या संदेशातला सर्वांत घातक भाग आहे. स्क्रू फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो आणि उघडल्यावर मिश्रण पातळ, म्हणजे कमी पेट्रोलचे, होते. परंतु बहुतेक व्हॅक्यूम कार्बोरेटरांत तो इंजिनकडच्या बाजूला, बहुधा खालच्या अंगाला असतो आणि त्यातून पेट्रोलमिश्रित हवा जाते, त्यामुळे तो उघडला की मिश्रण आणखी घट्ट होते. म्हणजे एकच सल्ला अर्ध्या गाड्यांना उपयोगी आणि अर्ध्यांना अपायकारक ठरतो. शिवाय हा स्क्रू बरोबर दिशेने फिरवला तरी त्याचा प्रभाव आयडलपासून थोड्याशा उघड्या थ्रॉटलपर्यंतच टिकतो. मधल्या टप्प्यात जेटच्या तोंडाशी वर-खाली होणारी नीडल आणि शेवटच्या पाव भागात मेन जेट हुकूम चालवतो. उंचीवर ताकद घटलेली गाडी सामानासकट चढ चढताना थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडाच असतो, म्हणून त्रास नेमका त्या भागात होतो जिथे स्क्रू पोहोचतच नाही.

फिल्टर काढल्यावर गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते हे अनेकांचे निरीक्षण खोटे नाही. गळ्याआधीचा अडथळा गेल्याने जेटवरची ओढ थोडी कमी होते आणि मिश्रण पातळ होते. मात्र ते किती पातळ होईल यावर कुणाचेच नियंत्रण नसते, आणि व्हॅक्यूम कार्बोरेटरची दाबाच्या फरकाने वर-खाली होणारी स्लाइड तर फिल्टरच्या डब्यातल्या स्थिर हवेवर अवलंबून असल्याने अनेकदा चाचरू लागते. लडाखच्या कच्च्या रस्त्यांवरची बारीक वाळू सरळ सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा आणि बोअर घासते, ते वेगळेच. फिल्टर धुळीने भरला असेल तर तो झटकणे किंवा बदलणे योग्य, कारण तुंबलेला फिल्टर मिश्रण आणखी घट्ट करतो.

व्हॅक्यूम कार्बोरेटरबद्दलचा समज मात्र अधिक सूक्ष्म आहे आणि त्याला खरा आधार आहे. विरळ हवेत त्याची स्लाइड कमी उचलली जाते आणि तिच्याबरोबर नीडलही खाली राहून पेट्रोल कमी सोडते. परंतु स्लाइडलाही दाबाचा फरकच कळतो, वजन कळत नाही, त्यामुळे हिशेब पुन्हा त्याच वर्गमुळावर येऊन थांबतो. थ्रॉटल झटकन उघडल्यावर तो अडखळत नाही, हा त्याचा गुण आहे. उंचीची दुरुस्ती हे त्याचे काम नव्हे.

ताकदीचे म्हणाल तर ३० टक्के हवा गेली की साधारण तेवढी ताकद गेली, आणि टर्बो नसलेल्या इंजिनात कुठलाही जेट ती परत आणत नाही. जादा पेट्रोलमुळे त्यावर आणखी जी घट होते, तेवढीच जेट बदलून वाचते.

एका गाडीचा हिशेब करून पाहू. मेन जेट ११० नंबरचा आहे आणि तो नंबर भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, सांगतो असे धरू. मनाली २०५० मीटरवर आहे. तिथे हिशेबाने १०५ चा जेट लागतो, म्हणजे ११० वर गाडी सुमारे १० टक्के घट्ट चालते आणि ते खपून जाते. अटल बोगद्यापलीकडचे केलाँग ३१०० मीटरच्या जवळ आहे. तिथे हवेची घनता सुमारे ७४ टक्के, तिचे वर्गमूळ ०.८६, आणि पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळावर ठरत असल्याने व्यासासाठी पुन्हा वर्गमूळ, म्हणजे ०.९३. त्यामुळे ११० चा १०२ होतो. तो केलाँगला घालावा. लेहला तो दोन-तीन टक्के घट्ट आणि टांगलांग ला येथे सुमारे १३ टक्के घट्ट पडतो, तर जुना ११० तिथे ३० टक्क्यांहून अधिक घट्ट असता. खिंडीत पंधरा मिनिटे घालवायची असतात आणि लेहमध्ये आठवडा, म्हणून जेट मुक्कामाच्या उंचीचा निवडावा, खिंडीचा नव्हे. नीडलवर खाचा असतील तर क्लिप एक खाच वर सरकवावी, म्हणजे नीडल खाली बसते. काही जेटांवरचा नंबर व्यास न सांगता प्रवाह सांगतो, तिथे दुसरे वर्गमूळ घ्यायचे नसते आणि ११० चा सुमारे ९५ होतो. हा फरक न पाहता जेट घेतल्यास सगळा हिशेब फसतो.

मिश्रण खरोखर घट्ट आहे की पातळ, याची सोपी चाचणी गरम इंजिनावर होते. चोक किंचित ओढल्यावर गाडी सुधारली तर मिश्रण पातळ आहे, आणि अधिक गुदमरली तर घट्ट आहे.

परतीच्या वाटेवर केलाँगलाच ११० पुन्हा बसवायचा असतो. १०२ तसाच ठेवून कोकणात उतरल्यास पूर्ण थ्रॉटलला सुमारे १४ टक्के पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते, आणि काजळीसारखे काहीच दिसत नसल्याने हा बिघाड लक्षात यायला उशीर लागतो.