तांबडी कण्हेर आणि पोटफोड्या ष

इन्स्टाग्रामवर नाव घ्यायचं ठरवलंत, अभिनंदन. स्वतःचं आडनाव आणि जन्मसाल जोडून मोकळं होणाऱ्यातले तुम्ही नाही, हे तुमच्या कपाळावरच दिसतंय. तुम्हाला अर्थ हवा आहे. तोही दडलेला. आणि संस्कृतातला, कारण मराठीत अर्थ असतो हे तुम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तर पहिलं काम, घरातला जाडजूड शब्दकोश काढा आणि जिथं जोडाक्षरांची गर्दी दिसेल तिथं बोट ठेवा. 'निःशब्द' घ्या. त्यानं खोली आली, पण वजन आलं नाही, म्हणून त्याला 'अंतर्नाद' जोडा. निःशब्दांतर्नाद! मुका माणूस आतल्या आत ओरडतोय असा काहीतरी अर्थ होतो, पण अर्थ विचारायला थांबणारे लोक आपले नव्हेतच. आता हे इंग्रजी अक्षरांत टाइप करा: nihshabdantarnad. मोजा. सोळा अक्षरं झाली. इन्स्टाग्रामला तीसपर्यंत चालतात, पण एक्सला, म्हणजे जुन्या ट्विटरला, पंधराच लागतात. काही हरकत नाही, एक h काढून टाका. nishabdantarnad, बरोबर पंधरा. विसर्ग गेला, जाऊ दे. पण रोमन लिपीत 'अ' आणि 'आ' दोघांनाही एकच a असल्यामुळे कुणी जाणकार तुमचं नाव 'निशा' अधिक 'अब्द' असं फोडू शकतो. अब्द म्हणजे ढग. तुम्ही निःशब्द राहायला गेलात आणि रात्रीचा ढग झालात. दडवलेला अर्थ हवा होता ना? हा इतका दडलाय की तुम्हालाही माहीत नव्हता.

रोमन लिपीचा हा गुण ओळखून ठेवा. ती ळ आणि ल, ण आणि न, श आणि ष यांच्यात भेदभाव करत नाही. kala लिहिलं की कला, काळा, काला, कळा, सगळे एकाच वाड्यात राहतात, आणि दार वाजवल्यावर नेमका कोण बाहेर येईल हे वाचणाऱ्याच्या मनावर असतं. कोल्हापुरात वाचणाऱ्याचं मन काय पसंत करतं, ते मी सांगायला नको. म्हणून नाव कुणालाही फोनवर सांगून पाहू नका. ती परीक्षा फार दुष्ट आहे. गडहिंग्लजच्या मावशीला एकदाच, स्पेलिंग न सांगता, नाव ऐकवायचं आणि तिला लिहायला लावायचं. 'अगं, तो पोटफोड्या ष' हे वाक्य तुमच्या तोंडून निघालं की परीक्षा नापास. तुम्ही मात्र खुशाल ष वापरा. स्क्रीनवर तो दिसणार नसला तरी तुमच्या मनात त्याचं पोट फुटलेलं असेल.

अर्थाच्या बाबतीतही असाच दिलदारपणा ठेवा. संस्कृतात एक आणि मराठीत भलतंच, असे शब्द आवर्जून निवडा. तालमीतल्या एका पोराला मेहनतीसाठी शब्द हवा होता. कुठून तरी त्यानं 'चेष्टा' शोधला. संस्कृतात हालचाल, प्रयत्न, सगळं बरोबर. त्यानं नावापुढं 'महा' लावलं आणि दंडबैठकांचे व्हिडिओ टाकायला लागला. प्रयत्न दिसायच्या आधीच लोकांना चेष्टा दिसली, आणि मग त्यांनी ती केली.

इथवर तुमच्या ध्यानात आलं असेल की आपला मार्ग जड शब्दांचा आहे. आता एका धोक्याची सूचना. काही लोक नेमकं उलटं करतात, आणि त्यात माझा सख्खा भाचा आहे. त्याचं कसं वाटोळं झालं ते सविस्तर सांगतो, म्हणजे तुम्ही त्या वाटेला जाणार नाही.

भाचा कोल्हापुरातल्या खाण्याबद्दल लिहितो. थोडा कवीही आहे, पण तो आजार घरात कुणी बोलून दाखवत नाही. एकदा येऊन म्हणाला, "मामा, असं नाव पायजे की वाचणाऱ्याला पयल्यांदा काय कळायला नको, पण कळलं की खुर्चीतनं पडायला पायजे."

मी म्हटलं, "आपलं गाव करवीर. करवीर घे. छोटं, जुनं, भारदस्त."

घेतलं. त्यात काय दडवणार? करवीर हा तालुका आहे, अजूनही आहे. महिनाभर पोराला मिसळीच्या फोटोखाली सातबारा कधी मिळेल, फेरफार कुठं अडकलाय, असले प्रश्न येत राहिले. एकानं तर मोजणीची तारीख मागितली. पोरगं जेरीला आलं.

तेव्हा तो करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसला. हे वाचनालय १८५० सालचं, तिथं जाऊन माणूस बिघडणार नाही असा माझा समज होता. पण त्याच्या हाती व्युत्पत्तिकोश लागला. त्यातून त्याला कळलं की संस्कृतातला शब्द लोकांच्या तोंडात शेकडो वर्षं घोळला की नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत होतो. दोन व्यंजनं भांडत असतील तर प्राकृतात एक दुसऱ्यासारखं होतं, मग मराठीत त्यातलं एक गळतं आणि आधीचा स्वर लांबतो. सर्प, सप्प, साप. हस्त, हत्थ, हात. दुग्ध, दुद्ध, दूध. म्हणजे दूधवाला सकाळी दारात हाक मारतो तेव्हा संस्कृतच ओरडत असतो, फक्त त्याला त्याचं ओझं होत नाही.

यावरून भाच्यानं काढलेला निष्कर्ष असा: शब्द जुना हवा, पण रोजच्या तोंडातला. वरवर साधा अर्थ पुरता लागला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला लगेच संशय येतो की इथं काहीतरी पुरलंय. जोडाक्षरं शक्यतो नकोत, शेवटी 'म्' नको, दोनापेक्षा जास्त शब्दांचा समास नको. पाहिलंत? नाव घ्यायचं म्हणजे वजन वाढवायचं, तर हा कमी करत बसला.

मग त्याला करवीर हा शब्द पुन्हा भेटला, या वेळी झाडाच्या रूपात. करवीर म्हणजे कण्हेर. प्राकृतात र चा ण होऊन कणवीर झालं, आणि पुढं घासत घासत, मधे ह घेऊन, आपल्या परसातली कण्हेर. म्हणजे कोल्हापूरचं जुनं नाव दडवायचं तर कण्हेर म्हटलं की झालं. तहसील कचेरीचा वासही नाही. भाचा नाचतच आला.

नाव लावलं, kanher. चार दिवसांत पहिला खुलासा मागणारा आला, "सातारचा काय रं?" कण्हेर धरण साताऱ्याजवळ आहे, वेण्णा नदीवर. कोल्हापूर लपवायला गेला आणि सातारकर ठरला. याहून मोठी बेअब्रू आमच्या घराण्यात झालेली नाही. दुसऱ्या एकानं त्याला कान्हेरी लेण्यांबद्दल विचारलं. आता कान्हेरी ही कृष्णगिरीवरून आलेली, कण्हेराशी तिचा काही संबंध नाही, पण रोमन लिपीला कुठं माहीत? एकटा शब्द असा उघड्यावर पडला की कुणीही येऊन त्याला आपल्या घरी नेतो.

अशा वेळी शहाण्या माणसानं शेवटी आकडे लावले असते. kanher1987, संपला विषय. तुम्हीही तेच करा, म्हणजे नाव जुनं वाटेल आणि तुम्हीही. भाच्यानं मात्र दुसरा शब्द जोडायचं ठरवलं. तोही झिजलेलाच हवा, आणि असा हवा की वाचणारा साताऱ्याकडं न वळता थेट कोल्हापुरात येईल. आधी 'पांढरी' सुचली. पांडुरचं पांढरा, छान. pandhri_kanher, चौदा अक्षरं, एक्सलाही चालतं. पण तो म्हणाला, "मामा, पांढऱ्यात दम नाय." हे वाक्य मी कुणाजवळ बोललो नाही, तुम्हीही बोलू नका.

शेवटी तांबडी. ताम्रचं तांबं, तांब्याचा रंग तो तांबडा. tambdi_kanher, तेरा अक्षरं. फोनवर मावशीला सांगितलं, तिनं एकदाच ऐकून बरोबर लिहिलं आणि वर विचारलं, "फुलं आहेत का रे? गणपतीला हवीत."

आता यातली लबाडी बघा. कोल्हापूरकर 'तांबडी' वाचतो तेव्हा त्याच्या जिभेवर रस्सा येतो. जो थोडा खोल जाईल त्याला कण्हेरीत करवीर सापडतं. अजून खोल गेलं तर दोन्ही शब्द संस्कृतात फिरवून 'रक्तकरवीर' मिळतं, आणि ते तांबड्या कण्हेरीचं आयुर्वेदातलं खरंच नाव आहे. आणि तळाशी विष आहे. या झाडाची पानं, फुलं, मुळं, सगळंच विषारी. म्हणून तर हमरस्त्याच्या दुभाजकात ते लावतात, जनावरं तोंड लावत नाहीत. मृच्छकटिकात चारुदत्ताला वधाला नेतात तेव्हा त्याच्या गळ्यात करवीराचीच माळ असते. खाण्याबद्दल लिहिणाऱ्याच्या नावात एवढं सगळं, आणि वर दिसतं काय? परसातलं झुडूप. तुमच्या निःशब्दांतर्नादाला हे जमेल का? नाही जमणार, आणि जमूही नये. ज्याला नाव वाचून आपली उंची कळत नाही, त्याला पोस्ट वाचून काय कळणार?

अडचण एवढीच होती की कुणी खुर्चीतनं पडलं नाही. एक महिना गेला, दोन गेले. लोक रस्सा कुठला चांगला तेवढंच विचारत. एका बाईंनी कुंडीत लावायची कण्हेर मिळेल का असं विचारलं. अर्थ दडवणाऱ्याला सगळ्यात जड जातं ते हेच, की अर्थ खरंच दडून राहतो.

भाच्याला राहवेना. "मामा, एखादा तरी इशारा द्यायला पायजे."

मी म्हटलं, "नको रे. सांगितलेलं कोडं आणि शिळा वडा सारखाच."

पण कवी तो. रात्री दीड वाजता त्यानं नावाखालच्या ओळीत एकच शब्द टाकला: करवीर.

सकाळी उठला तर फोटोखाली नवी कमेंट होती. "भावा, फेरफाराचं काय झालं?"